३१२ मुलं की २४१? एका साखरशाळा प्रकल्पाचा पूर्णता अहवाल कसा लिहिला गेला

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेला एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारी निधीतून, म्हणजे सीएसआरमधून २४ लाख मिळाले होते, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी, एका गळीत हंगामापुरते. शिरोळ, हातकणंगले आणि करवीर तालुक्यात टोळ्या उतरतात त्या तळांजवळ सहा केंद्रं चालवायची, मुलांना वाचायला शिकवायचं, आणि हंगाम संपला की ती गावाकडं परत शाळेत जातात का ते बघायचं. सप्टेंबर ते जुलै असा अनुदानाचा काळ, आणि त्यानंतर महिन्याभरात पूर्णता अहवाल द्यायचा. मी अशा संस्थांचे अहवाल बघून देण्याचं काम करतो, म्हणून मसुदा माझ्याकडं आला. संस्था कोण, कंपनी कोण हे सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत, पण गणित आणि घोळ जसेच्या तसे आहेत.

प्रस्तावात चार लक्ष्यं होती. ६ ते १४ वयाच्या ३०० मुलांची नोंदणी, त्यातली २४० नियमित हजर, १८० मुलांचं वाचन निदान एक पातळी वर, आणि २०० मुलं हंगामानंतर मूळ गावच्या शाळेत परत. बास, एवढंच. लक्ष्यं साधी होती म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं, कारण साध्या लक्ष्यातपण किती पळवाटा असतात ते नीट दिसतं.

मसुद्यातलं पहिलं वाक्य होतं, "प्रकल्पाने ३०० च्या लक्ष्यापुढे जाऊन ३१२ मुलांपर्यंत पोहोचण्यात यश मिळवले." पुढं वाचनाबद्दल, "७२ टक्के मुलांच्या वाचनात सुधारणा." आणि शेवटी 'आव्हाने' नावाचा एक परिच्छेद, ज्यात ऊस दर आंदोलन, अवकाळी पाऊस, पालकांची उदासीनता, स्थलांतर हे सगळं एका वाक्यात कोंबलेलं. यात एकही आकडा धडधडीत खोटा नव्हता हे आधी सांगतो. ३१२ नावं रजिस्टरात खरंच होती, आणि ७२ टक्केपण कुठून तरी खरंच आलेले होते. खोटं न बोलता वाचणाऱ्याचा गैरसमज करून देणारा अहवाल असाच तयार होतो, आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्यापण ते लक्षात येत नाही.

आता ३१२ बघू. सहा केंद्रांची सहा रजिस्टरं, त्यांची बेरीज ३१२. पण ऊसतोड टोळी एका जागी बसत नाही, एका गावचा फड संपला की मुकादम पुढच्या गावात नेतो, आणि मग तेच पोरगं आधी शिरोळच्या केंद्रात असतं आणि महिन्याने हातकणंगल्याच्या केंद्रात. दोन्ही शिक्षिकांनी प्रामाणिकपणे नाव लिहिलं. एकीकडं 'सोन्या' लिहिलं, दुसरीकडं शाळेतलं नाव लिहिलं, म्हणून नुसती नावं जुळवून काही हाती लागेना. शेवटी मुलाचं नाव, आईचं नाव, मूळ गाव आणि मुकादम या चार गोष्टी एकत्र लावून संस्थेच्या डेटा बघणाऱ्या मुलीने सगळी यादी परत केली. ४९ नावं दुबार निघाली. राहिली २६३. त्यात परत २२ जण सहा वर्षांखालची, म्हणजे मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून केंद्रात आलेली बारकी पोरं. ती आली, बसली, खाऊ खाल्ला, त्यांना नको म्हणायचा प्रश्नच नाही, पण लक्ष्य ६ ते १४ चं होतं. म्हणजे खरा आकडा २४१.

३१२ वरून २४१ वर यायला संस्थेच्या समन्वयक ताईंना जड गेलं, आणि ते साहजिक आहे, सहा महिने त्या मोटरसायकलवर मागं बसून तळ पालथे घालत होत्या. "सर, एवढं खरं लिहिलं तर पुढच्या वर्षीचा निधी जाईल की ओ," असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो जाईल कदाचित, पण रजिस्टरं तपासायला त्यांचा माणूस आला तर दुबार नावं त्याला अर्ध्या दिवसात सापडतील, आणि मग पुढच्या वर्षीचा निधी नक्की जाईल आणि वर या वर्षीचापण हिशोब मागतील. शिवाय ती २२ बारकी पोरं काही लपवायची गोष्ट नाही. अहवालात त्यांची वेगळी ओळ टाकली, लक्ष्याच्या आकड्यात न धरता, कारण पाळणाघर नसेल तर मोठ्या मुली केंद्रात येऊ शकत नाहीत ही माहिती पुढं लागणारच होती.

मग मूळ तक्ता असा झाला आणि तो अहवालाच्या पहिल्याच पानावर टाकला, तेराव्या पानावर नाही.

| निर्देशक | लक्ष्य | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| नोंदणी, ६ ते १४ वय, दुबार वगळून | ३०० | २४१ |
| नियमित हजेरी, महिन्यात किमान १५ दिवस | २४० | १३८ |
| वाचनात किमान एक पातळी प्रगती, दोन्ही चाचण्या दिलेली मुलं | १८० | ८७ |
| मूळ गावच्या शाळेत परत, मुख्याध्यापकांकडून खात्री | २०० | ६१ |

या तक्त्यात 'साध्य टक्केवारी' असा रकाना मुद्दाम नाही ठेवला. तो ठेवला की प्रत्येक ओळीखाली कुठला टक्का कशाचा हे समजावत बसावं लागतं, आणि खरा गोंधळ टक्केवारीतच होता.

दुसऱ्या ओळीबद्दल थोडक्यात. प्रस्तावात 'नियमित' म्हणजे किती दिवस हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दहा दिवस धरले असते तर आकडा १९० च्या आसपास गेला असता, आणि तसा प्रस्ताव चर्चेत आलापण. पण दर महिन्याला कंपनीला जो फॉर्म जात होता त्यात १५ दिवसांची व्याख्या छापलेली होती, मग आता शेवटी ती बदलायला काही आधार नव्हता. व्याख्या निकाल बघायच्या आधी ठरते, नंतर नाही. प्रस्तावात व्याख्या नसेल तर हंगाम सुरू असताना जी वापरली तीच अहवालात लिहायची आणि ती कुठून आली तेपण लिहायचं.

आता वाचनाची ओळ, जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

चाचणी 'असर' या देशभरातल्या शिक्षण सर्वेक्षणाच्या धर्तीवरची होती, म्हणजे मूल अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, सोपा परिच्छेद वाचतं का, गोष्ट वाचतं का. सुरुवातीला एक घ्यायची, शेवटी एक घ्यायची, आणि कोण किती वर गेलं ते बघायचं. २४१ पैकी २१४ मुलांची पहिली चाचणी झाली. दोन्ही चाचण्या झालेली मुलं १२१. त्यातली ८७ वर गेली. ८७ भागिले १२१ म्हणजे ७२ टक्के, मसुद्यातला आकडा तो हाच. पण मसुद्यात "७२ टक्के मुलांच्या" असं होतं, कुठल्या मुलांच्या ते नव्हतं. वाचणारा ते ३१२ चे ७२ टक्के समजणार, आणि मनात सव्वादोनशेचा आकडा धरून लक्ष्य पार झालं असं म्हणणार. नोंदणी झालेल्या सगळ्या मुलांत बघितलं तर ८७ म्हणजे ३६ टक्के, आणि लक्ष्य होतं ३०० मधले १८०, म्हणजे ६० टक्के.

म्हणजे तूट ९३ मुलांची. आता ही तूट नुसती मान्य करून भागत नाही, ती कुठून आली याचं गणित मांडावं लागतं, नाहीतर ते नुसतं माफीपत्र होतं. आम्ही ते दोन पायऱ्यांत केलं.

पहिली पायरी अशी की मुलंच कमी आली. २४१ मुलांचे ६० टक्के म्हणजे १४५. म्हणजे शिकवणं अगदी प्रस्तावात लिहिल्याप्रमाणं झालं असतं तरी १८० नाही, १४५ च झाले असते. ९३ मधली ३५ ची तूट इथं गेली. राहिली ५८.

दुसरी पायरी. २४१ मुलांचे दोन गट करायचे, दोन्ही चाचण्या झालेली १२१ आणि न झालेली १२०. पहिल्या गटात ६० टक्क्यांच्या हिशोबाने ७३ अपेक्षित होती, आली ८७, म्हणजे १४ जास्त. दुसऱ्या गटात ७२ अपेक्षित होती आणि आपल्याकडं पुरावा शून्य. ७२ वजा १४, आले ५८. म्हणजे सगळी तूट जुळली, आणि ती जुळल्यावर एक गोष्ट समोर आली जी मसुद्यात कुठंच नव्हती, की तूट वर्गात झालेली नाही. जी मुलं टिकली आणि मोजली गेली त्यांच्यात काम अपेक्षेपेक्षा चांगलं झालंय, पण अर्धी मुलं मोजमापाच्या बाहेर गेली.

इथं एक मोह होतो, आणि तो समन्वयक ताईंना झालापण, की मग असं लिहू, सगळी मुलं टिकली असती तर ७२ टक्क्यांच्या हिशोबाने १७३ झाले असते, म्हणजे लक्ष्य जवळजवळ गाठलंच. हे लिहायचं नाही. जी पोरं शेवटपर्यंत टिकली त्यांची टोळी एका जागी राहिली, आईबापांनी रोज पाठवलं, बऱ्याच जणांची गावाकडची शाळापण बरी होती. अशी पोरं तशीही जास्त शिकतात. गेलेली पोरं त्यांच्यासारखीच असती असं धरायला काही आधार नाही. अहवालात आम्ही उलट साफ लिहिलं की उरलेल्या १२० मुलांबद्दल सुधारणा झाली किंवा नाही झाली यातलं काहीच म्हणता येत नाही, म्हणून त्यांना 'साध्य'मध्ये धरलेलं नाही.

मग ही १२० गेली कुठं? यासाठी शिक्षिकांबरोबर बसून एकेक नाव काढलं. २७ मुलांची पहिलीच चाचणी झाली नव्हती. त्यातली १६ पहिल्या चाचणीनंतर आलेली, आणि ११ विजयपूरकडच्या टोळ्यांमधली, जी घरी कन्नड बोलतात आणि गावाकडं कन्नड शाळेत जातात, त्यांना मराठी परिच्छेद काय वाचायला देणार? सीमाभागात टोळ्या कुठल्या येतात हे इथल्या कुठल्याही कारखान्याच्या स्लिपबॉयला माहीत असतंय, पण प्रस्ताव लिहिताना कोणाच्या डोक्यात आलं नाही. असर कन्नडमध्येपण घेतात, म्हणजे साधन नव्हतं असंही म्हणता येत नाही. ते जसंच्या तसं लिहिलं.

बाकी ९३ मुलांनी पहिली चाचणी दिली, शेवटची नाही. (ही ९३ आणि वरची तुटीची ९३ यांचा एकमेकांशी संबंध नाही, निव्वळ योगायोग, आणि अहवालात तसं वाक्य टाकावं लागलं, नाहीतर वाचणारा तिथंच अडकला असता.) त्यातली २१ मधेच लांबच्या फडावर गेली. १४ तळावरच होती पण केंद्रात येणं बंद झालेलं, मुली बारक्यांना सांभाळायला आणि मुलगे बापाबरोबर वाढं गोळा करायला. आणि ५८, म्हणजे निम्म्याहून जास्त, टोळीबरोबर गावाकडं निघून गेली कारण कारखान्याचा पट्टा पडला. गाळप संपलं मार्चच्या मध्यात, आणि शेवटची चाचणी ठरवली होती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

एप्रिल का? कारण प्रस्ताव लिहिताना शाळेचं वर्ष डोळ्यासमोर होतं. तोडणी कामगाराचं वर्ष शाळेच्या वर्षासारखं चालत नाही, ते उसावर चालतं, ऊस संपला की हिशोब करून रातोरात ट्रॅक्टर भरून टोळी जाते. मसुद्यात याचं वर्णन "स्थलांतरामुळे मुलांची गळती" असं होतं. आता सांगा, ज्या प्रकल्पाचा विषयच स्थलांतर आहे त्यात स्थलांतर हे तुटीचं कारण कसं असेल? ते तर गृहीत होतं म्हणूनच पैसे मिळाले. खरं कारण चाचणीची तारीख चुकीची ठरली हे आहे, आणि ते सगळं संस्थेच्या हातात होतं.

तसंच नोंदणीच्या तुटीचं. मसुदा म्हणत होता ऊस दर आंदोलनामुळे हंगाम उशिरा सुरू झाला म्हणून मुलं कमी. ऐकायला पटतंय. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी होते, मग आंदोलन, मग बैठका, आणि तोडी लांबतात, हे आपल्याकडं शेंबडं पोरगंपण सांगेल. पण कारण पटण्यासारखं असणं वेगळं आणि ते या तुटीचं कारण असणं वेगळं. हे तपासायची एक सोपी रीत आहे. आंदोलनाचा फटका सहाही केंद्रांना बसलेला, मग तूटपण सगळीकडं थोडी थोडी दिसायला पाहिजे. केंद्रवार आकडे काढले तर पाच केंद्रांत मिळून २४५ अपेक्षित होती, २२५ आली. सहाव्या केंद्रात ५५ अपेक्षित, १६ आली. म्हणजे ५९ च्या तुटीतली ३९ एकट्या सहाव्या केंद्राची. आंदोलनाने एकाच केंद्राला एवढं झोडपलं असं कसं होईल?

सहाव्या केंद्राच्या पट्ट्यात त्या वर्षी ऊस तोडणी यंत्रं आली होती. मोठे सलग प्लॉट, यंत्राला सोयीचे, म्हणून तिथं टोळ्याच कमी लागल्या. ५५ चा आकडा आदल्या हंगामाच्या सर्वेक्षणातून घेतलेला होता, ऑक्टोबरात मुकादमांना किंवा कारखान्याच्या शेती विभागाला एक फोन केला असता तर कळलं असतं. आंदोलनाचा उल्लेख अहवालात ठेवला, पण पाच केंद्रांतल्या २० च्या तुटीचं एक संभाव्य कारण म्हणून आणि तेही दोन केंद्रं शिक्षिका वेळेत न मिळाल्याने तीन आठवडे उशिरा उघडली या वाक्यानंतर.

मूळ परिच्छेद आणि नंतरचा परिच्छेद शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत म्हणून देतो. आधीचा असा होता:

"ऊस दर आंदोलन, अवकाळी पाऊस, पालकांची उदासीनता व सततचे स्थलांतर अशा अनेक आव्हानांवर मात करत संस्थेने प्रकल्प यशस्वीपणे राबविला. काही निर्देशकांमध्ये अपेक्षित लक्ष्य पूर्णतः साध्य होऊ शकले नाही."

आणि पाठवलेला असा:

"नोंदणीत ५९ मुलांची तूट आहे. त्यातील ३९ सहाव्या केंद्राची आहे. तेथे तोडणी यंत्रांमुळे टोळ्या कमी आल्या. आम्ही आदल्या वर्षीच्या सर्वेक्षणावर अवलंबून राहिलो व हंगामापूर्वी फेरतपासणी केली नाही. ही बाब आम्हाला डिसेंबरमध्ये समजली. फेब्रुवारीच्या तिमाही अहवालात तिचा एका ओळीत उल्लेख केला, मात्र लक्ष्य कमी होणार हे स्पष्ट कळवले नाही. ते तेव्हाच कळवायला हवे होते. उरलेली २० ची तूट पाच केंद्रांत विभागलेली आहे. दोन केंद्रे आमच्याकडून तीन आठवडे उशिरा सुरू झाली, तसेच ऊस दर आंदोलनामुळे हंगामही उशिरा सुरू झाला. या दोहोंचा वाटा वेगळा काढता येत नाही."

'पालकांची उदासीनता' काढून टाकली. त्याला पुरावा काय होता? काहीच नाही. पहाटे चारला कोयता घेऊन फडात जाणारी बाई पोरगीला बारक्याजवळ ठेवते ती उदास आहे म्हणून नाही, दुसरं कोणी नाही म्हणून. आणि अशी वाक्यं निधी देणाऱ्यालापण आता पाठ झालीत, ती दिसली की तो पुढचं पान उलटतो.

चौथी ओळ, शाळेत परत गेलेली मुलं. इथं आकड्यांचे तीन थर होते. फोन लागला १२९ मुलांच्या घरी. त्यातल्या १०४ घरांनी सांगितलं शाळेत जातंय. आणि मुख्याध्यापकांशी बोलून नाव पटावर आहे व मूल येतंय अशी खात्री झाली ६१ ची. मसुद्यात १०४ होते. तक्त्यात आम्ही ६१ टाकले आणि खाली १०४ ची टीप दिली, कारण प्रस्तावात 'खात्री केलेली' असा शब्द होता आणि फोनवर आईबाप 'जातंय की शाळेला' म्हणणारच. जाताना मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, ते किती जणांना मिळालं याची नोंदच एका केंद्राने ठेवली नव्हती, म्हणून तो आकडा दिलाच नाही. अर्धवट आकडा देण्यापेक्षा नोंद नाही असं लिहिलेलं बरं.

आता पैसे. २४ लाखांपैकी २० लाख ६० हजार खर्च झाले, ३ लाख ४० हजार शिल्लक. मसुद्यात याला 'काटकसरीमुळे झालेली बचत' म्हटलं होतं. त्यातले २ लाख १० हजार सहावं केंद्र जानेवारीत बंद केल्यामुळे वाचलेले, ९० हजार तळ लवकर रिकामे झाल्याने शेवटच्या काळातलं मानधन लागलं नाही त्याचे, आणि ४० हजार बीड-जालन्याकडं जाऊन शाळांना भेटी द्यायच्या होत्या त्या न केल्याचे. म्हणजे यातला एक रुपयासुद्धा काटकसरीचा नाही, हे सगळं न झालेलं काम आहे. आणि बघा, हीच तीन कारणं वरच्या तुटीचीपण आहेत. माझ्या अनुभवात हिशोबाचं पान आणि निकालाचं पान दोन वेगळी माणसं लिहितात, अकाउंटंट एक लिहितो आणि समन्वयक दुसरं, आणि दोन्ही पानांवरच्या गोष्टी एकमेकांशी जुळत नाहीत. ती दोन्ही समोरासमोर ठेवून वाचली की अहवालात काय दडलंय ते लगेच कळतं. चौथ्या लक्ष्यात ६१ वर अडकलोय आणि भेटींचे ४० हजार शिल्लक आहेत, हे वाचणाऱ्याने स्वतः शोधून काढण्यापेक्षा आपणच लिहिलेलं चांगलं.

जुलै संपायच्या आत टॅब घेऊन पैसे संपवू अशी एक सूचना संस्थेत आली होती. ती लगेच बाजूला पडली ते बरं झालं. २०२१ च्या सीएसआर नियमदुरुस्तीनंतर कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणपत्र द्यावं लागतं की दिलेला पैसा मंजूर केलेल्या कामासाठी आणि मंजूर केलेल्या पद्धतीनेच वापरला गेला. टॅब मंजूर बजेटमध्ये नव्हते. सीएने विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे यूसीवर सही केली असती तरी तिकडं तो वित्तप्रमुख अडकला असता. त्याऐवजी शिल्लक किती, का, आणि बँकेतलं व्याज धरून किती परत करायची हे अहवालात लिहिलं आणि परत पाठवायचं की पुढच्या हंगामाला वळवायचं हे कंपनीने सांगावं अशी विचारणा केली.

दर मुलामागचा खर्चपण आम्ही काढून दिला, कोणी मागितला नव्हता तरी. प्रस्तावात ८,००० होता, प्रत्यक्षात साधारण ८,५५० आला, हे काही वाईट नाही. पण वाचनात प्रगती झालेल्या दर मुलामागं बघितलं तर १३,३३३ च्या जागी २३,६७८. हा आकडा बोचतो. संस्थेच्या अध्यक्षांना तो नको होता, त्यांचं म्हणणं होतं की आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा. मी म्हणालो दोन्ही आकडे तक्त्यात आहेत, भागाकार करायला त्यांना दहा सेकंद लागतात, आणि मग तो आकडा त्यांच्या मीटिंगमध्ये आपल्या स्पष्टीकरणाशिवाय फिरेल. बराच वाद झाला. शेवटी तो ठेवला, शेजारी एका वाक्यात की यातला मोठा भाग चाचणीच न झालेल्या मुलांमुळे आहे.

परिशिष्टात केंद्रवार आकडे, दुबार नावं काढायची पद्धत, मुकादमांच्या टोळीयाद्या आणि कारखाना कधी बंद झाला त्याची तारीख. मुलांची नावं नाहीत, फक्त क्रमांक. मसुद्यात मुलांचे फोटो, नाव, गाव आणि "दारूड्या बापाची मुलगी" अशा थाटाच्या दोन यशकथा होत्या, त्या काढल्या. फोटोखाली नाव देऊन बापाचं व्यसन छापायचा अधिकार कोणी दिला होता?

अहवाल गेल्यावर पंधरवड्याने कंपनीच्या सीएसआर मॅडमचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न सहाव्या केंद्राचा होता, डिसेंबरात कळलं तर तेव्हा फोन का नाही केला. उत्तर अहवालात होतंच, ताईंनी तेच परत सांगितलं. दुसरा प्रश्न जास्त मजेदार. "७२ टक्के मला बोर्डाच्या नोटमध्ये घ्यायचेत, घेऊ ना?" म्हणजे आकडा फुगवायची ओढ एकट्या संस्थेलाच असते असं नाही, वरपण कोणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं. ताईंनी त्यांना एक तयार वाक्य पाठवलं, "दोन्ही चाचण्या दिलेल्या १२१ मुलांपैकी ८७ मुलांचे वाचन किमान एक पातळी वर गेले, नोंदणी झालेल्या उरलेल्या १२० मुलांची दुसरी तुलना उपलब्ध नाही," आणि तेवढंच वापरा म्हणाल्या. मॅडमनी ते जसंच्या तसं घेतलं, फक्त 'दुसरी तुलना' ऐवजी 'तुलना' केलं, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या हंगामाला पैसे मिळाले, पण कमी. सहाऐवजी चार केंद्रं, लक्ष्य २०० मुलं आणि वाचनासाठी १००. शेवटची चाचणी एका तारखेला घ्यायची पद्धत बंद केली. आता मुकादमाने टोळी हलायचा अंदाज दिला की त्या आठवड्यात त्या टोळीच्या मुलांची चाचणी घ्यायची, मग फेब्रुवारी असो नाहीतर मार्च, आणि त्यासाठी दर सोमवारी मुकादमांना फोन करायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवलंय. ऑक्टोबरात टोळ्यांची फेरतपासणी, कन्नड चाचणीचे कागद, आणि दोन केंद्रांत बारक्यांसाठी बाई ठेवायचा खर्च बजेटात आला. शिल्लक ३ लाख ४० हजार व्याजासकट कंपनीला परत गेले, कारण नवा करार वेगळा करायचा असं त्यांच्या फायनान्सने ठरवलं. मूळ गावच्या शाळेत परत गेलेल्या मुलांच्या लक्ष्यावर मात्र अजून एकमत नाही, कंपनीला मुख्याध्यापकांच्या सहीशिवायचा आकडा नको आणि संस्थेचं म्हणणं पन्नास-साठ गावांत सही आणायला माणूस पाठवायचा तर तेवढ्या पैशात एक केंद्र चालतं.